प्रबंधाची पाने लावताना

प्रबंध लिहून झाला, मार्गदर्शकांनी शेवटचे प्रकरण वाचून होकार दिला, आता फक्त छापून बांधायचा, असे म्हणत संशोधक विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जातो. टेबलापलीकडचा कर्मचारी मजकूर वाचत नाही. तो पान उलटतो, पट्टी लावतो, डावीकडचा समास मोजतो, पृष्ठक्रमांक कुठून सुरू झालेत ते पाहतो, प्रमाणपत्र आधी की ऋणनिर्देश आधी हे तपासतो. मग प्रत परत मिळते. चार-पाच वर्षांच्या कामानंतर असे परत पाठवले जाणे मनाला फार लागते आणि त्या भरात संशोधक गेटजवळच्या डीटीपीच्या दुकानात जाऊन ‘हे तेवढे नीट करून द्या’ म्हणतो. तिथे घाईत हाताने दुरुस्ती होते. एक पान सुधारते आणि पुढची दहा बिघडतात.

या दुरुस्तीला रीतसर मार्ग आहे आणि तो कोणालाही शिकता येतो. मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कामाचा क्रम. आधी कागद आणि समास, मग अक्षर आणि ओळींमधले अंतर, मग पानांचे विभाग व क्रमांक आणि सर्वांत शेवटी अनुक्रमणिका. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा हिशेब बदलते. समास बदलला की पाने वाढतात, पाने वाढली की क्रमांक सरकतात, क्रमांक सरकले की अनुक्रमणिका चुकीची ठरते. जो आधी अनुक्रमणिका टाइप करून ठेवतो त्याला ती पुन्हा पुन्हा टाइप करावी लागते.

एक नमुना प्रबंध धरून चालू. जात्यावरच्या ओव्यांवरचा मराठी प्रबंध, पाच प्रकरणे, पाच वेगळ्या वर्ड फाइली. पहिली फाइल महाविद्यालयाच्या संगणकावर झाली, दुसरी घरच्या लॅपटॉपवर, तिसरी टायपिंग करून घेतलेली. सगळी मिळून साधारण २४० पाने. विद्यापीठाच्या पत्रकात लिहिले आहे: ए४ कागद, एका बाजूला छपाई, डावीकडे दीड इंच समास, बाकी तिन्ही बाजूंना एक इंच, १४ पॉइंट देवनागरी, ओळींत दीडपट अंतर, प्रारंभीच्या पानांना रोमन क्रमांक, पहिल्या प्रकरणापासून १. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांचे नियम याच्या आगेमागे असतात. पण प्रत्येकाचे पत्रक वेगळे असते आणि ते बदलतही असते. म्हणून स्वतःच्या विद्यापीठाचे चालू पत्रक हाताशी हवेच. ज्येष्ठ सहकाऱ्याचा पाच वर्षांपूर्वीचा प्रबंध नमुना म्हणून वापरणे धोक्याचे आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

पाचही फाइलींच्या प्रती वेगळ्या ठेवा आणि एक कोरी फाइल उघडा. मजकूर आणायच्या आधीच या कोऱ्या फाइलीत कागद आणि समास ठरवून टाका. पहिली चूक इथेच लपलेली असते. वर्डमध्ये कागदाचे माप अनेकदा ए४ ऐवजी `Letter` असते. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर; अमेरिकी लेटर साधारण २१६ बाय २७९. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लेटरवर बसवलेला मजकूर ए४ वर छापला की प्रिंटर तो आपल्या सोयीने लहान-मोठा करतो आणि फाइलीत दीड इंच असलेला समास कागदावर दीड इंच भरत नाही. पीडीएफ छापतानाही हेच घडते. छपाईच्या खिडकीत `Fit` निवडलेले असेल तर पान किंचित आकसते. तिथे `Actual size` हवे. डीटीपीवाला ‘फाइलमध्ये बरोबर आहे’ म्हणतो, विभागातली पट्टी ‘चूक आहे’ म्हणते आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. म्हणून एक पान छापून आपणच पट्टी लावावी. डाव्या कडेपासून पहिल्या अक्षरापर्यंत ३८ मिलिमीटर भरले पाहिजेत.

डावीकडे दीड इंच कशासाठी, हे समजले की नियम जाचक वाटत नाही. कापडी किंवा रेक्झिनच्या पक्क्या बांधणीत शिलाई किंवा डिंक पानाची डावी कड आत घेतो, बराचसा भाग पुठ्ठ्याच्या खाचेत जातो. एक इंचच समास ठेवला तर ओळीची पहिली अक्षरे खाचेत बुडतात आणि वाचणाऱ्याला प्रबंध दोन्ही हातांनी दाबून धरावा लागतो. शिवाय बांधणीनंतर उरलेल्या तीन बाजू यंत्रावर कापून सारख्या केल्या जातात. त्यात काही मिलिमीटर जातात. पृष्ठक्रमांक कागदाच्या अगदी खालच्या कडेला बसवला तर तो कापला जाण्याची भीती असते. वर्ड तो मुळात कडेपासून अर्धा इंच आत ठेवते, ते माप कमी करू नये.

समासाच्या खिडकीत `Gutter` नावाचा आणखी एक रकाना असतो. बांधणीसाठीची जास्तीची जागा तिथे लिहायची असते आणि ती डाव्या समासात मिळवली जाते. डावा समास एक इंच आणि गटर अर्धा इंच म्हणजे दीड झाला. पण डावा समास दीड करून वर गटरही अर्धा ठेवला तर दोन इंच होतात आणि मजकूर उजवीकडे ढकललेला दिसतो. दोन्हींपैकी एकच वापरावे. विद्यापीठ पाठपोट छपाई मागत असेल तर मात्र `Mirror margins` निवडावे लागते, कारण डाव्या हाताच्या पानावर बांधणीची बाजू उजवीकडे येते.

आता जरा हिशेब करू. डावीकडे एक इंच असताना ओळीची लांबी १५९ मिलिमीटर होती. दीड इंच केल्यावर ती १४६.५ मिलिमीटर उरते. मजकूर तोच, ओळ आखूड, म्हणजे पाने आठ-नऊ टक्क्यांनी वाढणार. २४० पानांचा प्रबंध २६० च्या आसपास जाईल. पाने वाढली म्हणून कोणी घाबरून अक्षर लहान करू नये. वाढ अपेक्षितच आहे.

यानंतर मजकूर आणायचा. फाइलीतला सगळा मजकूर निवडून नव्या फाइलीत चिकटवला की त्याबरोबर जुन्या फाइलीची अक्षरे, अंतरे आणि कधी कधी समासही येतात. यावर ‘फक्त मजकूर’ हा पर्याय सुचवला जातो, पण त्यात तळटीपा गळून पडतात आणि तिरपा टाइप जातो. ओव्यांच्या प्रबंधात शेकडो तळटीपा असतात. हा तोटा परवडणारा नाही. त्याऐवजी नव्या फाइलीच्या शैली मजकुराला लावणारा पर्याय निवडावा आणि उरलेसुरले हाताने साफ करावे. ज्या शैलीला वर्ड `Style` म्हणते ती हा साऱ्या कामाचा कणा आहे. प्रकरणाच्या नावाला `Heading 1`, पोटमथळ्याला `Heading 2`, मजकुराला `Normal`, लांब अवतरणाला `Quote`. मथळा ठळक आणि मोठा केला म्हणजे तो मथळा झाला असे नाही. वर्डच्या दृष्टीने ती ठळक केलेली साधी ओळच असते आणि अनुक्रमणिका तयार करताना ती तिला दिसत नाही.

ओळींमधल्या अंतरावर मी थोडे थांबणार आहे. मराठी प्रबंधात खरी गडबड इथे होते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिच्याबद्दल काहीच सापडत नाही.

वर्डमधले ‘दीडपट’ म्हणजे अक्षराच्या पॉइंटांच्या दीडपट नव्हे. प्रत्येक फाँट बनवणारा त्या फाँटच्या एका ओळीला किती उंची लागेल हे फाँटमध्येच लिहून ठेवतो आणि वर्ड त्या उंचीची दीडपट करते. इंग्रजी फाँटची ही उंची अक्षराच्या मापापेक्षा थोडीच जास्त असते. देवनागरीला शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांसाठी जागा लागते, खाली उकार, ऋकार आणि उभी जोडाक्षरे असतात. त्यामुळे मंगलसारख्या फाँटची मूळ ओळच बरीच उंच आहे. कोकिळा किंवा अपराजिता या फाँटांत उलट अडचण होते. त्यांचे अक्षरच लहान दिसते, १४ पॉइंट असूनही इंग्रजीच्या अकरा-बारासारखे. विद्यापीठाचे पत्रक ‘१४ पॉइंट, दीडपट’ एवढेच म्हणते आणि फाँट बदलला की त्याच आकड्यांतून वेगळे पान तयार होते.

हे पानावर कसे दिसते ते पाहू. ए४ च्या २९७ मिलिमीटरांतून वरखालचा एकेक इंच वजा केला तर मजकुराला २४६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ६९८ पॉइंट उंची मिळते. १४ पॉइंटांची सरळ दीडपट २१ पॉइंट. त्या हिशेबाने पानावर ३३ ओळी बसतात. आता समजा निवडलेल्या फाँटची मूळ ओळच २३ पॉइंटांची आहे. तिची दीडपट साडेचौतीस पॉइंट आणि पानावर ओळी फक्त २०. पत्रकातला नियम पाळूनही प्रबंध दीडपटीहून जाड होतो, ओळी एकमेकींपासून तुटल्यासारख्या दिसतात आणि परीक्षकाला वाटते की पाने वाढवण्यासाठी अंतर सोडले आहे. हे ओळखायला पूर्ण भरलेल्या, मथळा नसलेल्या पानावरच्या ओळी मोजाव्यात. मराठी मजकूर पानावर वीस-बावीस ओळींतच संपत असेल तर अंतर फाँटमुळे फुगले आहे.

इंग्रजी प्रबंधात मध्येच देवनागरी शब्द येतात तेव्हा तर हे उघड दिसते. ज्या ओळीत ‘ओवी’ हा शब्द देवनागरीत आहे तेवढीच ओळ उंच होते आणि परिच्छेद लाटेसारखा वरखाली होतो.

यावर उपाय म्हणजे परिच्छेदाच्या खिडकीत ‘दीडपट’ऐवजी `Exactly` निवडून आकडा स्वतः देणे. १४ पॉइंट देवनागरीला २१ पासून २४ पॉइंटांपर्यंतचे अंतर वाचायला सुखाचे असते. २४ ठेवले तर पानावर २९ ओळी येतात. मात्र हे करण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात. पहिली, मात्रा कापल्या जात नाहीत ना. `Exactly` दिले की वर्ड ओळीची उंची वाढू देत नाही आणि वरचा किंवा खालचा भाग मावला नाही तर कापून टाकते. ‘सर्वांगीण’, ‘कीर्तन’, ‘शुद्धी’, ‘राष्ट्रीय’ असे शब्द एका ओळीत लिहून छापून पाहावेत; रफार, अनुस्वार आणि उकार पूर्ण दिसले पाहिजेत. पडद्यावर दिसते तेवढ्यावर विसंबू नये, छापलेला कागदच पाहावा. दुसरी गोष्ट छायाचित्रांची. मजकुराच्या ओळीत ठेवलेले चित्र `Exactly` असलेल्या परिच्छेदात आले की त्याची फक्त एक पट्टी दिसते आणि बाकीचे नाहीसे होते. चित्र हरवलेले नसते. त्या परिच्छेदाचे अंतर एकेरी केले की ते परत दिसते. आणि विद्यापीठाचा विभाग ‘दीडपट’ या शब्दावरच अडून बसणारा असेल तर आधी एक नमुना पान छापून त्यांना दाखवून घ्यावे.

अक्षराच्या मापातही एक आडवळण आहे. वर्ड इंग्रजी अक्षरांचे आणि देवनागरी अक्षरांचे माप वेगवेगळे लक्षात ठेवते. फाँटच्या खिडकीत इंग्रजीसाठी `Latin text` आणि देवनागरीसाठी `Complex scripts` असे वेगळे रकाने असतात. पहिल्यात १४ लिहिले आणि दुसरा तसाच राहिला तर सगळा मराठी मजकूर ११ वरच राहतो आणि संशोधक गोंधळून जातो. शैलीत दोन्ही रकाने भरावेत.

दीडपटीचा नियम मुख्य मजकुरासाठी असतो. लांब अवतरणे, कोष्टके, चित्रांखालच्या ओळी, तळटीपा आणि संदर्भसूचीतली प्रत्येक नोंद बहुधा एकेरी अंतरात मागितली जाते. डीटीपीच्या दुकानात मात्र `Ctrl+A` दाबून सगळ्याला एकदम दीडपट लावले जाते. मग ओव्यांच्या सुट्या ओळी एकमेकींपासून फाकतात, अर्ध्या पानाचे कोष्टक पुढच्या पानावर सांडते. तळटीपा या निवडीत येतच नाहीत, म्हणून त्या जुन्याच अंतरात राहतात. अंतर शैलीला लावले असेल तर असे होत नाही. `Normal` मध्ये बदल करताना परिच्छेदानंतर सुटणारी जागाही बघावी. नव्या वर्डमध्ये ती आपोआप ८ पॉइंट असते आणि ओळींच्या अंतरात मिसळून हिशेब चुकवते. प्रकरण नव्या पानावर न्यायला एंटरमागून एंटर दाबू नये. `Heading 1` या शैलीतच ‘आधी पान बदल’ ही सोय असते. एंटरने ढकललेले प्रकरण मागे चार ओळी वाढल्या की पानाच्या मध्यात येऊन बसते.

इथवर पानांचे स्वरूप ठरले. आता क्रमांक.

प्रारंभीच्या पानांना i, ii, iii आणि प्रकरणांना १, २, ३ असे दोन वेगळे क्रम एकाच फाइलीत हवे असतील तर फाइलीचे विभाग पाडावे लागतात. साधा पानबदल, म्हणजे `Ctrl+Enter`, यासाठी उपयोगाचा नाही. `Section Break (Next Page)` हवा. नमुना प्रबंधात तो एक शीर्षकपृष्ठ व बाकीच्या प्रारंभिक पानांच्या मध्ये आणि दुसरा पहिल्या प्रकरणाच्या आधी घालायचा. असे तीन विभाग झाले. शीर्षकपृष्ठ i म्हणून मोजले जाते, पण त्यावर क्रमांक छापत नाहीत. दुसऱ्या विभागात रोमन क्रमांक मागच्या विभागाकडून पुढे चालू ठेवायचे, म्हणजे प्रतिज्ञापत्रावर ii येते. तिसऱ्या विभागात क्रमांकाचा प्रकार बदलून सुरुवात १ पासून करायची. ऑफिसमध्ये मराठी किंवा हिंदी चालू असेल तर क्रमांकांच्या यादीत देवनागरी १, २, ३ मिळतात.

नेहमीची पंचाईत अशी की संशोधक शीर्षकपृष्ठावरचा क्रमांक पुसतो आणि सगळ्या प्रबंधातले क्रमांक जातात. कारण प्रत्येक नव्या विभागाची तळपट्टी मागच्या विभागाशी जोडलेलीच जन्माला येते. तळपट्टीवर दोनदा क्लिक केल्यावर उजवीकडे `Same as Previous` दिसते ते याच जोडणीचे चिन्ह. दुसऱ्या विभागाच्या पहिल्या पानावर जाऊन `Link to Previous` बंद करायचे, मग तिसऱ्यातही तेच करायचे आणि त्यानंतरच क्रमांक घालायचे वा पुसायचे. आधी जोडणी तोडा, मग क्रमांकाला हात लावा.

दुसरी पंचाईत विभागखूण पुसण्याची. विभागाचा समास, क्रमांकाचा प्रकार, कागदाची दिशा ही सगळी माहिती त्या विभागाच्या शेवटच्या खुणेत साठवलेली असते. ‘ही रेघ कसली’ म्हणून कोणी पहिल्या प्रकरणाआधीची खूण पुसली तर प्रारंभीची पाने पुढच्या विभागात मिसळतात आणि रोमन क्रमांक जाऊन तिथेही १, २, ३ येतात. असे झाले तर हाताने काही सुधारायला जाऊ नये, `Ctrl+Z` दाबून खूण परत आणावी. छपाईत न दिसणाऱ्या सगळ्या खुणा पडद्यावर पाहायच्या असतील तर ¶ हे बटण दाबले की त्या दिसतात. या कामापुरते ते चालूच ठेवावे.

नमुना प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात गाववार ओव्यांचे मोठे कोष्टक आहे, ते आडव्या पानांवरच मावते. त्या दोन पानांच्या आधी एक आणि नंतर एक विभागखूण घालावी लागते, म्हणजे विभाग पाच होतात. आडवे पान प्रबंधात बांधले जाते तेव्हा त्याची वरची बाजू बांधणीत जाते. म्हणून दीड इंच समास तिथे वर हवा. नव्या विभागात क्रमांक ‘मागच्यापासून पुढे’ आहे ना, हेही पाहावे. जुन्या प्रकरणाच्या फाइलीतून आलेल्या खुणेत ‘१ पासून सुरू’ अशी सूचना दडलेली असते आणि कोष्टकानंतरच्या पानावर अचानक १ उमटतो.

अशी चूक शोधायला पूर्ण प्रबंध चाळण्याची गरज नाही. समजा प्रारंभीची पाने दहा भरली: शीर्षकपृष्ठ, ii प्रतिज्ञापत्र, iii मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र, iv आणि v ऋणनिर्देश, vi ते viii अनुक्रमणिका, ix कोष्टकसूची, x संक्षेपसूची. मग पीडीएफ करून पाहिली की पीडीएफच्या मोजणीतल्या अकराव्या पानावर १ छापलेला असला पाहिजे आणि शेवटपर्यंत प्रत्येक पानावर दोन आकड्यांतला फरक दहाच राहिला पाहिजे. पीडीएफचे ९४ वे पान उघडा, खाली ८४ आहे का पाहा. मग कोष्टकानंतरचे एक पान, प्रत्येक प्रकरणाचे पहिले पान आणि अगदी शेवटचे पान. पीडीएफ २७८ पानांची असेल तर शेवटी २६८ हवा. फरक जिथे बदलतो त्याच्या आधीच्या विभागखुणेत चूक आहे.

प्रारंभीच्या पानांचा क्रम प्रत्येक पत्रकात थोडा वेगळा असतो, पण त्यामागचा विचार बहुधा एकच दिसतो. प्रबंध कोणाचा आणि कोणत्या पदवीसाठी हे शीर्षकपृष्ठ सांगते. हे काम माझे आहे असे संशोधक प्रतिज्ञापत्रात लिहून देतो आणि मार्गदर्शक प्रमाणपत्रात त्याला दुजोरा देतात. ही दोन्ही पाने सही असलेली, जबाबदारी घेणारी पाने आहेत. प्रबंध तपासायला स्वीकारायचा की नाही हे त्यांच्यावर ठरते. ऋणनिर्देश संशोधकाचे वैयक्तिक निवेदन आहे, म्हणून तो त्यांच्यामागे येतो. मग वाचकासाठी अनुक्रमणिका आणि सूच्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनंतर यात भर पडली. मजकूर सॉफ्टवेअरने तपासला आहे असे हमीपत्र संशोधकाला आणि काम वाङ्मयचौर्यमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मार्गदर्शकांना द्यावे लागते. ते पान कुठे ठेवायचे हे पत्रकात पाहूनच ठरवावे.

जुन्या प्रबंधाचा नमुना धोक्याचा का, ते शीर्षकपृष्ठावर कळते. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, जळगावचे विद्यापीठ २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींच्या नावाचे झाले, सोलापूरचे २०१९ मध्ये अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्याशाखांची फेररचना होऊन चार विद्याशाखा राहिल्या आणि मराठीचा प्रबंध ‘कला’ऐवजी मानव्यविद्या विद्याशाखेखाली आला. जुन्या पानाची नक्कल केली की जुने नाव छापले जाते. प्रबंधाचे शीर्षकही मान्यतापत्रातल्या शीर्षकाशी शब्दशः जुळले पाहिजे. मान्यतापत्रात ‘लोकगीतांतील’ असेल आणि शीर्षकपृष्ठावर ‘लोकगीतांमधील’ झाले असेल तरी अडवणूक होऊ शकते. शीर्षकपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्र आणि पाठीवरची सोनेरी अक्षरे, या चारही ठिकाणी तेच शीर्षक आहे ना, हे मान्यतापत्र शेजारी ठेवून एकेक शब्द वाचून पाहावे.

सह्या छापील पानांवर घेतल्या जातात आणि मग त्या पानांची स्कॅन केलेली प्रत पीडीएफमध्ये घालावी लागते. त्यासाठी वर्डमधले मूळ पान काढून टाकू नये. पान काढले की ii नाहीसा होतो आणि पुढचे सगळे क्रमांक एकेकाने मागे येतात. आधी पूर्ण पीडीएफ करावी आणि त्यात बिनसहीचे पान काढून सहीचे घालावे.

अनुक्रमणिका अगदी शेवटी करायची. मथळ्यांना शैली लावलेल्या असतील तर वर्ड ती स्वतः तयार करते, टिंबांची रांग आणि पानांचे आकडे दोन्हीसह. पण ती आपोआप ताजी होत नाही. मजकुरात बदल झाला की अनुक्रमणिकेवर क्लिक करून `F9` दाबायचे आणि पूर्ण अनुक्रमणिका नव्याने करण्याचा पर्याय निवडायचा. हे दोनदा करावे, कारण अनुक्रमणिका वाढून दोनची तीन पाने झाली तर तिच्यानंतरच्या रोमन पानांचे आकडेही सरकतात. अनुक्रमणिकेत एखादी पूर्ण ओळ मजकुराची आली असेल तर त्या परिच्छेदाला चुकून मथळ्याची शैली लागली आहे, हे समजावे आणि चूक मूळ जागी सुधारावी. अनुक्रमणिकेत जाऊन ती ओळ पुसली तर पुढच्या `F9` ला ती परत येते.

एवढे झाल्यावर एकच प्रत छापून, पट्टीने मोजून, न बांधता विभागाला दाखवावी. बांधलेली प्रत परत आली तर कागद, बांधणी आणि पैसे तिन्ही वाया जातात. सुट्या पानांत दोष निघाला तर तेवढीच पाने बदलता येतात.

मौखिक परीक्षेनंतर प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे जाते. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार पदवी जाहीर होण्याआधी ती द्यावी लागते आणि ‘शोधगंगा’ या संग्रहात ती सर्वांना वाचायला मिळते. तिथे शीर्षकपृष्ठ, प्रमाणपत्र, एकेक प्रकरण अशा वेगळ्या फाइली मागतात. त्या करण्यासाठी वर्डची फाइल पुन्हा प्रकरणांत तोडू नका, तोडलीत तर प्रत्येक प्रकरण पुन्हा १ पासून सुरू होईल. विद्यापीठाने स्वीकारलेली अंतिम पीडीएफच प्रकरणागणिक कापा आणि कापलेल्या प्रत्येक फाइलीच्या पहिल्या पानाचा क्रमांक अनुक्रमणिकेशी ताडून मगच ती पाठवा.